टिंब कुठे पुरते आणि न्, म्, ङ् कुठे लिहावेच लागतात

‘सिंह’ लिहिताना आपण ‘सि’वर टिंब देतो, पण ‘चिन्ह’ लिहिताना न् ला ह जोडतो. दोन्ही शब्दांत पुढचे अक्षर ह आहे आणि दोन्हींत नाकातला आवाज आहे, तरी लेखन वेगळे. ‘संवाद’वर टिंब, पण ‘समन्वय’मध्ये न्. ‘संरक्षण’वर टिंब, पण ‘सम्राट’मध्ये म्. पाठांतर करून असे शब्द लक्षात ठेवणारे पुष्कळ आहेत. या सगळ्या जोड्यांमागे मात्र एकच तत्त्व आहे, आणि ते कळले की पाठ करण्यासारखे फारच थोडे शब्द उरतात.

ते तत्त्व असे: टिंबाला स्वतःचा ठरलेला आवाज नसतो. आपला आवाज ते पुढच्या अक्षराकडून घेते. पंख, मंच, खंड, संत, खांब हे पाच शब्द सावकाश म्हणून पाहा आणि टिंबाच्या क्षणी जीभ कुठे आहे याकडे लक्ष द्या. ‘पंख’मध्ये जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, कारण ख तिथे उच्चारायचा आहे. ‘खंड’मध्ये जिभेचे टोक टाळूकडे वळते, ‘संत’मध्ये ते दातांना टेकते, आणि ‘खांब’मध्ये ओठ मिटतात. तोंड पुढच्या अक्षराची तयारी आधीच करते आणि त्याच जागी नाकातून आवाज सोडते. म्हणून ‘पंख’मधले टिंब ङ् सारखे, ‘मंच’मधले ञ् सारखे, ‘खंड’मधले ण् सारखे, ‘संत’मधले न् सारखे आणि ‘खांब’मधले म् सारखे ऐकू येते. वर्णमालेतल्या प्रत्येक वर्गाचे शेवटचे अक्षर, म्हणजे ङ, ञ, ण, न, म, हे त्या वर्गाचे अनुनासिक असते. टिंबाऐवजी ते पूर्ण लिहिले तर त्या लेखनाला परसवर्ण म्हणतात. पर म्हणजे पुढचा आणि सवर्ण म्हणजे त्याच जागी उच्चारला जाणारा.

यातून लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न निघतो. इथे टिंब दिले, तर पुढच्या अक्षरामुळे त्याचा जो आवाज होईल, तोच मला हवा आहे का? हवा असेल तर टिंब पुरे. वेगळा आवाज हवा असेल तर त्या आवाजाचे अक्षर पूर्ण लिहिण्याला पर्याय नाही.

सोपी बाजू आधी पाहू. पुढे क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचे अक्षर असेल आणि आवाज त्याच वर्गाच्या अनुनासिकाचा असेल, तर मराठीत टिंब बहुतेक वेळा बरोबर असते. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या शुद्धलेखन नियमांना राज्य शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांतला पहिलाच नियम हा आहे: स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, परसवर्णाने लिहिण्याची मुभाही त्यात आहे. ‘अंतर्गत’ किंवा ‘अन्तर्गत’, ‘पंडित’ किंवा ‘पण्डित’ ही दोन्ही रूपे चालतात. बिगरसंस्कृत शब्दांना मात्र ती मुभा नाही. दंगा, तांबे, खंत, संप हे शब्द टिंबानेच लिहायचे. कंपनी, पंप, इंजिन, इंटरनेट हेही त्याच रांगेतले. ‘हिंदी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, म्हणून नियमाच्या काटेकोर वाचनात ‘हिन्दी’ हे मराठी लेखन ठरत नाही. हिंदी पुस्तके वाचणाऱ्यांच्या हातून ते सहज लिहिले जाते.

तत्सम कोणता आणि तद्भव कोणता हे दरवेळी ठरवत बसण्याची गरजही नाही. पुढे येणारे थोडे अपवाद सोडले, तर एकाच वर्गातल्या जोडीसाठी टिंब चूक ठरत नाही, म्हणून शंका आली की टिंब द्यावे. परसवर्ण लिहायचाच असेल, तर मात्र वर्ग चुकवू नये. ‘संबंध’चे परसवर्णी रूप ‘सम्बन्ध’ होते, कारण पहिल्या टिंबापुढे ब आहे आणि दुसऱ्यापुढे ध. ‘सन्बंध’, ‘सन्पूर्ण’, ‘अन्क’ ही रूपे कुठल्याच नियमात बसत नाहीत. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांकडून ती होतात, कारण प्रत्येक अनुनासिकासाठी बोट n या कळेकडे जाते.

मराठीपुरते बोलायचे तर टिंब परसवर्णापेक्षा एका बाबतीत अधिक नेमके आहे, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ‘मांजर’ हा शब्द घ्या. ज हे अक्षर च-वर्गातले, म्हणून परसवर्ण ‘माञ्जर’ व्हायला हवा. पण ‘मांजर’मधला ज ‘जीवन’मधल्या ज सारखा तालव्य नाही. तो ‘जहाज’मधल्यासारखा, दातांमागे उच्चारला जाणारा आहे. त्यामुळे त्याच्या आधीचा आवाजही ञ् नसून न् च्या जवळचा आहे. टिंब हा फरक आपोआप सामावून घेते, ञ् घेऊ शकत नाही.

आता वर्गांबाहेरची अक्षरे, म्हणजे य, र, ल, व, श, ष, स, ह. या अक्षरांना स्वतःचे अनुनासिक नाही, म्हणून त्यांच्याआधी टिंबाचा आवाज निराळाच होतो. ‘हंस’, ‘वंश’, ‘संस्कृत’, ‘मांस’, ‘सिंह’ म्हणताना आपल्या तोंडून टिंबाच्या जागी नाकातला व निघतो, साधारण ‘हंव्स’, ‘वंव्श’, ‘सिंव्ह’ असा. ‘संयम’मध्ये नाकातला य ऐकू येतो. नियमही इथे पर्याय ठेवत नाही: अशा ठिकाणी फक्त टिंब. ‘सन्स्था’, ‘सन्शय’, ‘सन्वाद’ ही रूपे म्हणूनच चूक आहेत. या शब्दांत न् मुळात नाही. तिथे ‘सम्’ हा उपसर्ग आहे आणि पुढच्या स, श, व मुळे त्याच्या म् चा अनुस्वार झाला आहे.

सुरुवातीच्या जोड्या आता सुटतात. ‘चिन्ह’ म्हणताना जीभ दातांना टेकते आणि खराखुरा न् ऐकू येतो. तो न् ह च्या आधी हवा असेल, तर टिंब उपयोगाचे नाही, कारण ह च्या आधी टिंबाचा व होतो. ‘चिंह’ लिहिले तर वाचणारा ते ‘सिंह’च्या चालीवर वाचेल. उन्हाळा, पुन्हा, गुन्हा, तुम्ही, आम्ही हे शब्द याच कारणाने जोडाक्षराने लिहितात. कन्या, धान्य, अन्याय, रम्य, नम्र, ताम्र, आम्ल यांतही न् किंवा म् स्वतःच्या आवाजाने उभा आहे.

‘समन्वय’ची गोष्ट थोडी खोलात पाहण्यासारखी आहे, कारण इथे चूक फार होते. हा शब्द सम् + अनु + अय असा बनला आहे. ‘अनु’मधल्या उ च्या पुढे अ आल्यावर उ चा व् झाला, आणि ‘अनु’चा न् त्या व ला जाऊन चिकटला. म्हणजे हा न् ‘अनु’चा आहे, ‘सम्’शी त्याचा संबंध नाही. अन्वय, अन्वये, अन्वेषण यांतही तोच ‘अनु’. उलट ‘संवाद’ हा सम् + वाद आहे, तिथे म् चे टिंब झाले. ‘समंवय’ लिहिणाऱ्याने ‘अनु’चा न् पुसून टाकलेला असतो.

‘सम्राट’ हा शब्द मात्र एका अर्थाने अपवाद आहे. सम् च्या पुढे र आला की टिंब होते, जसे संरक्षण, संरचना. मग ‘संराट’ का नाही? पाणिनीने या शब्दासाठी वेगळे सूत्रच केले आहे, ‘मो राजि समः क्वौ’. ‘राज्’पासून बनलेल्या या विशिष्ट रूपापूर्वी सम् चा म् तसाच राहतो, असा त्याचा आशय. साम्राज्य, सम्राज्ञी यांत तोच म् टिकून आहे. कान इथेही साथ देतो: ‘सम्राट’ म्हणताना ओठ मिटतात, ‘संरक्षण’ म्हणताना मिटत नाहीत.

दुसरा गट संधीतून आलेल्या शब्दांचा. संस्कृतात एखाद्या शब्दाच्या शेवटी क्, ट्, त् असे व्यंजन असेल आणि पुढे न किंवा म आला, तर ते व्यंजन आपल्या वर्गाचे अनुनासिक होते. उत् + नती म्हणून उन्नती, जगत् + नाथ म्हणून जगन्नाथ, चित् + मय म्हणून चिन्मय, षट् + मास म्हणून षण्मास, सत् + मान म्हणून सन्मान. इथे न् हा मूळच्या त् चा बदललेला चेहरा आहे आणि ण् हा ट् चा, म्हणून त्यांची जागा टिंबाला देता येत नाही. हिंदीत ‘सम्मान’ लिहितात, कारण तिथे तो सम् + मान असा घेतला जातो. मराठीत रूढ आणि बरोबर रूप ‘सन्मान’ आहे.

याच रांगेतला सर्वांत छळलेला शब्द म्हणजे ‘वाङ्मय’. वाक् + मय, क् चा ङ् झाला. ‘वांमय’ लिहिले तर टिंबाचा म् होईल, ‘वांग्मय’ लिहिले तर नसलेला ग येईल, आणि ‘वाड्मय’ लिहिले तर ङ च्या जागी सरळ ड बसेल. छापील मजकुरात शेवटची चूक फार दिसते, कारण ङ आणि ड दिसायला जवळचे आहेत. ङ चा ठिपका अक्षराच्या उजवीकडे, बाजूला असतो. ठिपका खाली असेल, तर ते हिंदीतले ‘सड़क’मधले ड़ आहे आणि मराठीत ते अक्षर नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ङ हे Shift + U वर मिळते. त्यानंतर हलन्ताची कळ आणि मग म. पडद्यावर ङ् चा पाय मोडलेला दिसतो आणि म शेजारी वेगळा उभा राहतो. ते योग्यच आहे, म ला ङ च्या पोटात बसवण्यासाठी आणखी काही करावे लागत नाही.

इंग्रजी शब्दांचा प्रश्न याच तत्त्वाने सुटतो, आणि हिंदीच्या वाटेने मराठी कुठे घसरते तेही इथे स्पष्ट दिसते. हिंदीत सायंस, डांस, फ्रांस, लाइसेंस असे लिहिण्याची पद्धत आहे. मराठी वाचक स च्या आधीचे टिंब ‘हंस’सारखे वाचतो. त्यामुळे मराठीत सायन्स, डान्स, फ्रान्स, लायसन्स, पेन्शन, इन्शुरन्स, ट्रान्सफॉर्मर असे न् पूर्ण लिहूनच हवा तो आवाज मिळतो. टेन्शन, सेन्सॉर, मुन्शी यांतही तसेच. बिगरसंस्कृत शब्दांना परसवर्ण नको या नियमाशी याचा विरोध नाही. स ला स्वतःचे अनुनासिकच नसल्याने ‘डान्स’मधला न् परसवर्ण नसतोच, ते एक स्वतंत्र अक्षर आहे.

वर्ग वेगळा असला तरी हेच करावे लागते. ‘इन्कार’मध्ये न् दातांवर आहे आणि क घशाकडे. ‘इंकार’ लिहिले की टिंब क कडे ओढले जाते आणि तो ‘शंकर’मधल्यासारखा वाचला जातो. कन्फर्म, कॉन्फरन्स, इन्फेक्शन या शब्दांत फ च्या आधी टिंब दिले, तर ‘गुंफा’सारखा म् व्हायचा, म्हणून न्. आडनावांतही हे दिसते. ‘वानखेडे’, ‘मानकर’ यांत न चा अ बोलताना गळतो आणि न् थेट ख किंवा क ला भिडतो, तरीही तो न् च राहतो, ङ् होत नाही. ‘वांखेडे’ लिहिले तर नावच बदलेल.

आतापर्यंत कानावर भिस्त ठेवता आली. एक जागा अशी आहे जिथे कान काहीच सांगत नाही आणि तरी लेखनात फरक करावा लागतो. ‘वेदांत’ आणि ‘वेदान्त’ यांचा उच्चार एकच आहे. पहिल्याचा अर्थ वेदांमध्ये, दुसऱ्याचा अर्थ तत्त्वज्ञानाची ती शाखा. ‘देहांत’ म्हणजे अनेक देहांमध्ये, ‘देहान्त’ म्हणजे मृत्यू. अर्थभेदासाठी परसवर्ण लिहावा, असे नियमांतच म्हटले आहे आणि उदाहरणेही हीच दिली आहेत.

ही अडचण येते ती मराठीच्या विभक्तीमुळे. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना सामान्यरूपावर टिंब येते: मुलांना, घरांसाठी, वेदांचे. त्याला सप्तमीचा त लागला की शब्दाचा शेवट ‘–ांत’ होतो. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या पुस्तकांत एकवचनालाही ‘घरांत’ लिहिलेले सापडेल. त्या काळी न उच्चारली जाणारी टिंबे, नांव, कांही, पांच, यांवरही दिली जात. १९६२ च्या नियमांनी ती काढली, आणि त्यानंतर ‘–ांत’ हा शेवट ठामपणे अनेकवचनाची खूण झाला. म्हणून ‘अन्त’ किंवा ‘अन्तर’ जोडून झालेल्या प्रत्येक शब्दाला न् द्यायची गरज नाही. अनेकवचनी सप्तमीशी गोंधळ होऊ शकतो तिथेच तो हवा: वृत्तान्त, युगान्त, ग्रंथान्त, शालान्त. ‘कालांतर’, ‘मतांतर’, ‘एकांत’ यांत कुठलाच गोंधळ नाही, तिथे टिंब छान चालते. ‘सिद्धांत’ आणि ‘सिद्धान्त’ दोन्ही प्रचारात आहेत आणि वाचणाऱ्याला दोन्हींतून एकच अर्थ मिळतो.

एखाद्या वाचनालयाच्या फळ्यावर अशी सूचना लागली आहे असे समजा: ‘समंवय समितीतर्फे वाड्मयीन सन्स्थांचे सम्मेलन. वेदांत आणि संतसाहित्य या विषयावर परिसन्वाद. मांयवर वक्त्यांचा सम्मान होईल व त्यान्ना मानचिंह देण्यात येईल. येण्याचे फोनवर कंफर्म करावे.’

‘समंवय’मध्ये ‘अनु’चा न् हरवला आहे, म्हणून ‘समन्वय’. ‘वाड्मयीन’मध्ये ङ हवा: ‘वाङ्मयीन’. ‘सन्स्था’ आणि ‘परिसन्वाद’ यांत सम् आहे आणि पुढे स व व, म्हणून दोन्हींना टिंब: संस्था, परिसंवाद. ‘वेदांत’ इथे तत्त्वज्ञान या अर्थी आहे, म्हणून ‘वेदान्त’. तो तसाच ठेवला, तर ‘वेदांमध्ये आणि संतसाहित्य’ असे मोडके वाक्य वाचले जाते. ‘मान्यवर’मध्ये ‘मान्य’चा न् य ला जोडायचा. ‘सम्मान’चे ‘सन्मान’ करायचे. ‘त्यान्ना’ ही उच्चाराच्या मागे जाऊन झालेली चूक आहे. बोलताना ‘त्यान्ना’ असेच ऐकू येते, पण ते टिंब अनेकवचनाचे आणि ‘ना’ हा प्रत्यय, म्हणून ‘त्यांना’. ‘मानचिन्ह’ आणि ‘कन्फर्म’ यांची कारणे वर आलीच आहेत. ‘सम्मेलन’ मात्र नियमाने चूक म्हणता येत नाही. शब्द तत्सम आहे आणि म च्या आधी म् हा परसवर्णच आहे. तरी मराठीत साहित्य संमेलनापासून नाट्यसंमेलनापर्यंत टिंबाचेच रूप इतके रुळले आहे, की मी तरी ‘संमेलन’च करीन.

सूचनेत ‘संतसाहित्य’ बरोबर आहे आणि त्याला हात लावू नये. तपासताना बरोबर शब्दही बदलत सुटणे हा उत्साही मुद्रितशोधकांचा नेहमीचा दोष आहे.

‘संमेलन’मुळे एका अशा कोपऱ्यात येतो जिथे तत्त्व थांबते आणि रूढी सुरू होते. म च्या आधी म् चा आवाज असेल, तर टिंब आणि म् दोन्हींतून एकच उच्चार मिळतो. मराठीने बहुतेक ठिकाणी टिंब घेतले: किंमत, हिंमत, गंमत, संमती, संमिश्र. पण ‘निम्मा’ मात्र म् नेच लिहितो, ‘निंमा’ कोणी लिहीत नाही. न च्या आधी न् चा आवाज असताना उलट चित्र दिसते: अन्न, सुन्न, पन्नास, भिन्न, सगळीकडे न् पूर्ण. ‘संन्यास’मध्ये टिंब आणि न् दोन्ही आहेत, कारण तो सम् + न्यास आहे. टिंब सम् चे आणि न् न्यासचा. ‘सन्यास’ लिहिले की त्यातला एक गळतो. हे थोडे शब्द मात्र डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी शेवटची एक व्यवहारी गोष्ट. ‘अंतर्गत’ आणि ‘अन्तर्गत’ आपल्याला एकच शब्द वाटतात, पण साध्या शोधात त्या अक्षरांच्या दोन वेगळ्या माळा असतात आणि एक शोधली तर दुसरी सापडत नाही. ‘बँक’चे तर त्याहून अवघड. कोणी ॅ आणि ं अशा दोन खुणा वेगवेगळ्या टंकतो, तर कोणी हिंदीतला चंद्रबिंदू ँ ही एकच खूण वापरतो. बऱ्याच टंकांत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक डोळ्यांनी पकडता येत नाही. मोठा दस्तऐवज तपासताना अशा शब्दांची दोन्ही रूपे शोधावीत, एक ठरवावे आणि सगळीकडे तेच करावे. फक्त ‘वेदांत’ आणि ‘वेदान्त’ यांच्यावर ‘सर्व बदला’ ही आज्ञा चालवू नये, तिथे प्रत्येक वाक्य वाचूनच ठरवावे लागते.